बाणाचं वाक्य करताना
सॉफ्टवेअर आराखड्याच्या स्लाइडवर ‘ऑर्डर’ या चौकोनातून ‘पेमेंट’कडे एक बाण जातो. ‘ऑर्डर पेमेंटशी जोडलेली आहे’ एवढंच लिहिलं, तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. बाण विनंतीची दिशा दाखवतो की माहितीची, हे आधी आराखडा काढणाऱ्याला विचारावं. मग लिहावं: ऑर्डर सेवा ऑर्डर क्रमांक आणि रक्कम पाठवते, उत्तरासाठी ५ सेकंद थांबते. उत्तर आलंच नाही तर? इथे चित्र गप्प असतं आणि माझ्या मते खरं लेखन इथेच सुरू होतं. पैसे कापले गेले, पण उत्तर वाटेत हरवलं, असंही घडतं. म्हणून पुढचं वाक्य हवंच: पुन्हा विनंती करताना तोच क्रमांक जातो आणि पेमेंट सेवा आधीची नोंद ओळखून दुसऱ्यांदा पैसे कापत नाही.