झाड उलटलं, चाळीस हरवला

२०१५ साली ‘होमब्रू’ हे साधन घडवणाऱ्या मॅक्स हॉवेल यांनी ट्विटरवर लिहिलं की, फळ्यावर बायनरी ट्री उलटवता न आल्याने गूगलने त्यांना नाकारलं. तेव्हापासून हा प्रश्न प्रोग्रॅमरांच्या तोंडी आहे. मला मात्र त्याचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो: उलटलेल्या झाडात शोधलेलं सापडतं का?

संगणकातल्या या झाडाचं मूळ वर असतं आणि फांद्या खाली वाढतात. ५०, ३०, ७०, २०, ४०, ६०, ८० हे आकडे याच क्रमाने त्यात घातले, तर ५० मुळाशी बसतो. त्याच्या डावीकडे ३० आणि त्याखाली २० व ४०. उजवीकडे ७० आणि त्याखाली ६० व ८०. प्रत्येक आकड्याच्या डाव्या बाजूला सगळे त्याहून लहान, उजव्या बाजूला सगळे मोठे. म्हणून ४० शोधताना ५०पासून डावीकडे, ३०पासून उजवीकडे वळलं की तो हाती येतो.

आता झाड आरशात धरू. प्रत्येक ठिकाणी डावी-उजवी फांदी आपसांत बदलायची, अगदी तळापर्यंत. फक्त मुळाशीच अदलाबदल केली, तर डावीकडून वाचताना ६०, ७०, ८०, ५०, २०, ३०, ४० असा विस्कटलेला क्रम मिळतो. काम पुरतं केलं, तर तेच वाचन ८०, ७०, ६०, ५०, ४०, ३०, २० असं नीट उतरत जातं. क्रम मोडलेला नाही, त्याची दिशा फिरली आहे.

पण शोधणाऱ्या प्रोग्रॅमला हे कुणी सांगितलेलं नसतं. ४० शोधायला तो जुन्या सवयीने ५०वरून डावीकडे जातो, तिथे ७० भेटतो; पुन्हा डावीकडे, तिथे ८०; आणखी डावीकडे काहीच नाही. ‘४० नाही’ असं उत्तर येतं. प्रोग्रॅम बंद पडत नाही, इशारा देत नाही. मुळाशी असलेला ५० तेवढा सापडतो, म्हणून एकाच आकड्यावर केलेली चाचणी फसवते.

इथवर नुकसान भरून येतं: झाड पुन्हा उलटवा, सगळं पूर्ववत. घात होतो तो ‘नाही’ म्हटलेला ४० कुणी पुन्हा घातला की. तो ८०च्या डावीकडे जाऊन बसतो. आता झाड परत उलटवलं, तर वाचन २०, ३०, ४०, ५०, ६०, ७०, ८०, ४० असं येतं. शेवटचा ४० शोधून कधीच सापडणार नाही, कारण शोध ५०पाशीच डावीकडे वळतो. असा दोष ओळखायला पूर्ण झाड डावीकडून वाचावं आणि क्रम कुठे तुटतो ते पाहावं.

उलटवायचंच असेल, तर शोधण्याच्या आणि घालण्याच्या, दोन्ही कामांत ‘लहान तर उजवीकडे’ हा नियम करावा लागतो. नुसती उतरती यादी हवी असेल, तर झाडाला हातही लावू नये. आधी उजवी फांदी, मग मधला आकडा, मग डावी, असं वाचत गेलं की ती मिळते.