गंगू तेल्याला सोडा

बिट्टन मार्केटच्या हाटात दोन ढिगांतल्या टोमॅटोंची तुलना करताना हमखास कानावर येतं, ‘कहाँ राजा भोज, कहाँ गंगू तेली!’ भोपाळ भोजाचंच गाव मानलं जातं. इथल्या मराठी घरांतही ही म्हण रुळली आहे. सांगायचं असतं एवढंच, की दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण खालच्या टोकाला उभी केली आहे तेल्याची जात.

काही जण म्हणतात, ‘गंगू तेली’ म्हणजे मुळात गांगेयदेव कलचुरी आणि चालुक्य तैलप. पण तैलप वारला ९९७च्या सुमारास, भोज गादीवर येण्याआधी. आणि ते खरं मानलं तरी ऐकणाऱ्याला ऐकू येतो तेलीच.

असं हिणवणं ओळखायची युक्ती सोपी. जातीचं नाव काढा आणि पाहा, कमीपणा नेमका कशावर टेकला होता. ‘तेली’च्या जागी ‘हमाल’ घातला तर फक्त माणूस बदलतो, हिणवणं तसंच राहतं. म्हणून दोन्ही टोकांना वस्तू ठेवा: ‘कुठे भोजताल, कुठे घरचा माठ!’ अंतर तेवढंच, आणि भोजही शाबूत. ठेका मात्र थोडा पडतो, हे कबूल.