नवे पर्व येण्यापूर्वी

रात्री दुकानाची फळी लावून, हिशेबाची वही मिटून घरी यावे, आणि साडेदहाला सारे कुटुंब दूरदर्शन संचासमोर बसलेले आढळावे, असे दृश्य २०१६ साली रत्नागिरीच्या पुष्कळ घरांत दिसे. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेतील नाईकांचा वाडा आकेरीचा, म्हणजे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच असलेल्या सावंतवाडी परिसराचा. त्यामुळे आपल्या भागात ती अधिकच आपुलकीने पाहिली गेली. त्या वर्षीच्या २२ फेब्रुवारीला सुरू झालेले पहिले पर्व २२ ऑक्टोबरला संपले. दुसरे आले ते थेट १४ जानेवारी २०१९ रोजी. मधल्या सव्वादोन वर्षांत कोण कोणाचा कोण, हेही बहुतेकांच्या स्मरणातून पुसट झाले होते.

अशा वेळी घरात हमखास वाद होतो. मुले म्हणतात, दहा मिनिटांचा रिकॅप पाहून घेऊ. वडीलधाऱ्यांना वाटते, अर्धवट पाहण्यापेक्षा पहिल्यापासून पाहावे. आठ महिने चाललेल्या मालिकेचे सुमारे दोनशे भाग, प्रत्येकी वीस-बावीस मिनिटांचे धरले, तर सत्तर तासांचा हिशेब होतो. रोज एक तास दिला तरी दोन महिने त्यातच जातील.

रिकॅपचीही एक खोड आहे. तो बहुधा नव्या पर्वाची उत्सुकता वाढवण्यासाठी तयार होतो. त्यामुळे किंकाळी, मृत्यू, रहस्यभेद असे प्रसंग त्यात एकापाठोपाठ येतात आणि त्यांच्यामागची कारणे गळून पडतात. शिवाय पुढे जे धागे लागणार, तेवढेच तो उचलतो. एखाद्या किरकोळ पात्राला रिकॅपमध्ये अकारण जागा मिळालेली दिसली, की ते परत येणार हे चाणाक्ष प्रेक्षक ओळखतो. ज्याला आश्चर्याचा आनंद हवा, त्याने रिकॅप शेवटच्या दिवशी न पाहता आठवडाभर आधी पाहावा. तोवर असे संकेत विसरायला होतात आणि नावे तेवढी मनात राहतात.

या मालिकेत आणखी एक अडचण होती. पहिल्या पर्वाची कथा अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून सुरू झाली होती; दुसऱ्या पर्वाने काळ मागे नेला आणि अण्णा हयात असतानाचा वाडा दाखवला. म्हणजे पहिल्याचा शेवट हा दुसऱ्याच्या दृष्टीने पुढचा काळ. तो रिकॅपमध्ये पाहून दुसऱ्या पर्वातील घटना कळायला फारशी मदत होत नव्हती. हवी होती ती नाती: अण्णा आणि माई, माधव, दत्ता, अभिराम ही मुले, छाया ही मुलगी, आणि घरातला पांडू. त्यासाठी पहिल्या पर्वाचा पहिला आठवडा पुरेसा होता. अण्णांच्या निधनानंतर सारे घर तिथेच एकत्र येते. रोजच्या मालिकेची हीच सोय आहे. ती आपले सूत्र रोज थोडे उगाळत असते, म्हणून मधले आठवडे गाळले तरी फार बिघडत नाही. २०२१ च्या मार्चमध्ये आलेले तिसरे पर्व मात्र कथा पुढे नेणारे होते. तेथे मागचा शेवटचा आठवडाही पाहणे इष्ट होते.

छोट्या वेबमालिकेचे गणित निराळे. ‘समांतर’चे पहिले पर्व मार्च २०२० मध्ये आले, दुसरे जुलै २०२१ मध्ये. (ही लहान मुलांसोबत पाहण्याची नव्हे.) कुमार महाजनचे आयुष्य सुदर्शन चक्रपाणीच्या आयुष्याची पुनरावृत्ती आहे, आणि चक्रपाणीच्या डायऱ्यांत कुमारचे भविष्य लिहिलेले आहे. अशा कथेत चक्रपाणीने कधी काय सांगितले आणि कुमारने ते किती मानले, यावर पुढचे सारे उभे असते. रिकॅपमध्ये ‘डायरी मिळाली’ एवढेच कळते; ती उघडण्याची भीती का वाटावी, हे कळत नाही. पहिल्या पर्वाचे भाग नऊच, तेही छोटे. एका रविवारच्या दुपारी ते पुन्हा पाहून होतात. येथे रिकॅपवर वेळ वाचवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार.

निर्णय होत नसेल, तर रिकॅप पाहून नव्या पर्वाचा पहिला भाग लावावा आणि घरातले काय विचारतात ते ऐकावे. ‘हा कोण?’ असे विचारले, तर रिकॅप पुन्हा एकदा पाहिला की भागते. ‘हा असे का वागतो?’ असे दोनतीनदा विचारले गेले, तर तो भाग तिथेच थांबवून मागे जावे.

आमच्या घरी २०१९ मध्ये पहिला आठवडाच पुन्हा पाहिला. नाती आम्हाला नीट जुळवता आली. आईने मात्र नव्या पर्वाच्या पहिल्या रात्री एवढेच विचारले, ‘पांडू आहे ना रे अजून?’