‘विहित मुदतीत’ म्हणजे कधी?

मुळशी तालुक्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने गेल्या वर्षी माहितीपुस्तिकेचा मजकूर माझ्याकडे पाठवला. मी आयुष्यभर मराठी शिकवले, म्हणून ‘सर, जरा शुद्धलेखन बघून द्या’ एवढीच विनंती होती. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तीन-चार निघाल्या. मी अडलो तो प्रवेशपात्रतेच्या परिच्छेदापाशी. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती आणि तरी तो तीनदा वाचूनही मला कळला नाही. तो परिच्छेद असा होता:

‘उमेदवार इयत्ता १२ वी (विज्ञान) परीक्षा संबंधित विषयांत किमान ४५% (मागासवर्गीय ४०%) गुणांसह उत्तीर्ण असावा व त्याने सीईटी दिलेली असावी. गतवर्षीचा कट-ऑफ ७८. आरक्षण शासन नियमांनुसार लागू राहील. आरक्षणाचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या उमेदवारांनी जात प्रमाणपत्र, वैधता प्रमाणपत्र व लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र विहित मुदतीत सादर करणे बंधनकारक राहील, अन्यथा त्यांचा विचार खुल्या प्रवर्गातून केला जाईल.’

हे वाचताना मला डोंगराकडच्या एका धनगरवाड्यावरची मुलगी आठवली. दोन वर्षांपूर्वी तिचे वडील कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले होते. मुलीला बारावीला भौतिकशास्त्रात ४१, गणितात ३८ आणि रसायनशास्त्रात ५० गुण होते. भाषांत चांगले गुण पडल्यामुळे एकूण टक्केवारी साठाच्या घरात गेली होती. ‘पंचेचाळीस लागतात, हिला साठ आहेत,’ असे म्हणून घरचे निश्चिंत होते. पुढे काय झाले ते या परिच्छेदाच्या आधारानेच सांगतो, कारण असाच परिच्छेद त्यांनीही वाचला होता.

पहिला घोटाळा ‘संबंधित विषयांत’ या शब्दांचा. अभियांत्रिकीची ४५ टक्क्यांची अट बारावीच्या एकूण गुणांना नाही. भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन सक्तीचे विषय, आणि रसायनशास्त्र किंवा नियमांत दिलेल्या इतर विषयांपैकी एक, अशा तीन विषयांच्या बेरजेला ती लागते. म्हणजे ३०० पैकी १३५ गुण. महाराष्ट्रातील मागास प्रवर्गांच्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के, म्हणजे १२० गुण पुरतात. या मुलीची बेरीज १२९ होती. साठ टक्क्यांची मुलगी इथे ४३ टक्क्यांची ठरते. ‘टक्के’ लिहिण्याऐवजी ‘३०० पैकी १३५’ असे छापले असते, तर गुणपत्रिका हातात घेऊन तिने स्वतःच बेरीज केली असती.

दुसरा घोटाळा ‘कट-ऑफ ७८’चा. ७८ काय? वडिलांना ते ७८ टक्के वाटले. वास्तविक ते सीईटीचे पर्सेंटाइल असतात. ७८ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरांपैकी ७८ जण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणारे. बारावीच्या टक्क्यांशी त्याचा संबंध नाही. शिवाय ‘कट-ऑफ’ ही महाविद्यालयाने घातलेली अट नसते. त्या शाखेतल्या, त्या प्रवर्गातल्या, त्या फेरीतल्या शेवटच्या जागेवर जो विद्यार्थी बसला, त्याचे पर्सेंटाइल म्हणजे कट-ऑफ. प्रवेश संपल्यावरच तो आकडा जन्माला येतो. पात्रता ही उंबऱ्यासारखी आधीच ठरलेली असते, कट-ऑफ हा गर्दी सरल्यावर दिसणारा माग असतो. दोन्ही एकाच ओळीत छापले की वाचणारा दोन्हींना उंबरा समजतो. संगणकीय प्रवेशफेरीच्या याद्यांत तर हा आकडा `GOPENH` किंवा `GNT2H` अशा संकेतांखाली येतो. `G` म्हणजे सर्वसाधारण, शेवटचा `H` म्हणजे गृह विद्यापीठ. मधल्या `NT2`चा अर्थ भटक्या जमाती (क). ब गटाला `NT1` आणि ड गटाला `NT3` म्हणतात. क गटाची ही मुलगी तिसरे अक्षर म्हणून `NT3` पाहत बसली होती. तिला दोष कोण देईल?

पण खरा घात आहे तो शेवटच्या वाक्यात, आणि त्यावर मला थोडे थांबायचे आहे.

आरक्षित प्रवर्गातून प्रवेशासाठी लागणारी कागदपत्रे सगळ्यांना सारखी नसतात. जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र हे अनुसूचित जाती-जमातींसह सर्व जातआधारित प्रवर्गांना लागते. नॉन-क्रिमीलेअर दाखला अनुसूचित जाती आणि जमातींना लागत नाही. विमुक्त, भटक्या, इतर मागास, विशेष मागास आणि २०२४च्या कायद्याने आलेल्या सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गाला लागतो. आर्थिक दुर्बल घटकासाठी जातीची वैधता नाही, पण त्याचे स्वतंत्र प्रमाणपत्र आहे. ‘लागू असल्यास’ या दोन शब्दांत हे सारे कोंबले आहे. ज्याला माहीत आहे त्यालाच ते कळते, आणि त्याला पुस्तिकेची गरज नसते.

वैधता प्रमाणपत्राला वेळ का लागतो, हेही एका ओळीत सांगायला हवे. १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जातीचे दावे तपासण्यासाठी समित्या नेमण्याचे निर्देश दिले. तो खटलाही महादेव कोळी असल्याच्या दाव्यावर घेतलेल्या प्रवेशातूनच उभा राहिला होता. पुढे महाराष्ट्राने त्यासाठी कायदा केला. समितीपुढे जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा, इतर मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर नातीचा प्रवेश अडकतो. ज्या तालुक्यात गावेच्या गावे धरणाखाली गेली आणि ज्या वाड्यांवर शाळाच उशिरा आली, तिथे हा कागद आठवड्यात मिळत नाही. म्हणून अकरावीतच अर्ज करावा लागतो, आणि हे वाक्य बारावीनंतर हाती पडणाऱ्या पुस्तिकेत येते!

आता ‘विहित मुदतीत’. कोणी विहित केलेली, कोणती मुदत? अर्ज भरण्याची, कागद अपलोड करण्याची की महाविद्यालयात हजर होण्याची? आणि मुदत कागद असण्याची की दाखवण्याची? हा भेद मी उगाच काढत नाही. १९८० साली चार्ल्स स्कारिया विरुद्ध सी. मॅथ्यू या केरळातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमका तोच केला. पदविकेला जादा गुण होते आणि तिची प्रत अर्जासोबत जोडा असे माहितीपुस्तिका सांगत होती. उमेदवारांनी पदविका मुदतीआधी मिळवली होती, पुरावा नंतर दिला. न्यायालयाने म्हटले की पात्रता मुदतीआधी असणे महत्त्वाचे, तिचा पुरावा निवड होण्याआधी आला तरी चालेल. पुस्तिकेतल्या एका ओळीच्या अर्थासाठी प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. मात्र या निकालाच्या भरवशावर राहू नये. आपल्याकडे वैधता व नॉन-क्रिमीलेअर दाखल्यांबाबत कागद सादर करण्याच्या तारखा नियमातच ठरवून दिलेल्या असतात. अलीकडच्या वर्षांत अर्ज केल्याची पावती दाखवून पुढे जाता येते, पण मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या दिवसापर्यंत आले नाही तर प्रवर्ग काढला जातो.

त्या मुलीकडे वैधतेच्या अर्जाची पावती होती. नॉन-क्रिमीलेअर दाखलाही होता, पण तो शिष्यवृत्तीसाठी जानेवारीत काढलेला, एका वर्षाच्या मुदतीचा. अशा दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. प्रवेशाला पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा लागतो. दाखला ‘आहे’ म्हणून घरचे गप्प राहिले. तपासणीत तो बाद झाला आणि नवा येईपर्यंत तारीख गेली.

मग ‘खुल्या प्रवर्गातून विचार केला जाईल’. हे वाक्य किती सौम्य वाटते! जागा राखीव नाही मिळाली तर खुली मिळेल, फार तर फी जास्त पडेल, असे वडिलांना वाटले. पण प्रवर्ग गेला की त्यासोबतची ४० टक्क्यांची सवलतही जाते. १२० गुणांचा उंबरा १३५चा होतो. १२९ गुणांची मुलगी खुल्या यादीत खाली जात नाही, ती यादीतच राहत नाही. पात्रता, आरक्षण आणि मुदत या परिच्छेदातल्या तीन वेगळ्या वाक्यांत आहेत, पण तिच्या बाबतीत ती एकच गोष्ट होती. हा सांधा मूळ मजकुरात कुठेच लिहिलेला नाही.

मी नवा परिच्छेद लिहिला तो हा सांधा डोळ्यांसमोर ठेवून:

‘तुम्ही पात्र आहात का? बारावीचे भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा मान्य विषय यांच्या गुणांची बेरीज करा. खुल्या प्रवर्गासाठी ती ३०० पैकी किमान १३५ हवी. महाराष्ट्रातील मागास प्रवर्ग, आर्थिक दुर्बल घटक व दिव्यांग उमेदवारांसाठी किमान १२० हवी. सीईटीत शून्यापेक्षा जास्त गुण हवेत. एवढ्याने तुम्ही अर्ज करू शकता. जागा मिळेलच असे नाही. जागा सीईटीच्या गुणवत्ता यादीनुसार मिळते.

तुमची बेरीज १२० ते १३४ असेल, तर तुमचा प्रवेश तुमच्या प्रमाणपत्रांवर अवलंबून आहे. ती वेळेत न आल्यास तुम्ही खुल्या प्रवर्गात जाल आणि तिथे तुम्ही पात्र नसाल.

नॉन-क्रिमीलेअर दाखल्यावरची शेवटची तारीख पाहा. २०२५-२६च्या प्रवेशासाठी तो ३१ मार्च २०२६पर्यंत वैध असला पाहिजे. वैधता प्रमाणपत्र हाती नसेल तर अर्जाची पावती जोडा. मूळ प्रमाणपत्र अपलोड करण्याचा शेवटचा दिवस: ______.’

कोणत्या प्रवर्गाला कोणता कागद, याचा छोटा तक्ता खाली दिला. गतवर्षीचे कट-ऑफ उचलून वेगळ्या पानावर नेले, वर ‘गेल्या वर्षी शेवटची जागा कुणाला मिळाली (सीईटी पर्सेंटाइल)’ असा मथळा घातला आणि `NT2` शेजारी ‘भ.ज. (क)’ छापले.

कार्यालयातल्या लिपिकबाईंनी हरकत घेतली: ‘सर, नियमाचे शब्द बदलले तर उद्या कोणी कोर्टात जाईल.’ हरकत रास्त होती. म्हणून ‘मजकुरात व सीईटी कक्षाच्या नियमांत फरक आढळल्यास नियम ग्राह्य’ ही ओळ राहू दिली, पण शेवटी. मग बारावीचा एक मुलगा, एक पालक आणि महाविद्यालयाचा शिपाई यांना दोन्ही परिच्छेद दिले आणि एकच प्रश्न विचारला: १२९ गुण, भटक्या जमाती (क), दाखला मार्चमध्ये संपलेला, आता काय होईल? जुना वाचून तिघेही म्हणाले, ‘ओपनमधून मिळेल.’ नवा वाचून दोघांनी बरोबर उत्तर दिले. पालक मात्र ‘१२० ते १३४’वर अडखळले, त्यांना ते टक्के वाटले. तिथे ‘गुण’ हा शब्द पुन्हा घातला.

रिकाम्या जागेवर मात्र माझ्याकडे उपाय नव्हता. पुस्तिका मे महिन्यात छापली जाते, तारखा सीईटी कक्ष नंतर जाहीर करतो आणि कधी कधी वाढवतो. छापलेली तारीख चुकीची ठरण्यापेक्षा रिकामी चौकट बरी, असे ठरले. तारीख जाहीर झाली की लिपिकबाई प्रत्येक प्रतीवर लाल शाईने ती भरतात, आणि वाढली तर जुनी खोडून शेजारी नवी लिहितात.