साडेबाराची पंगत साडेबारालाच बसावी म्हणून

देवस्थानाच्या वर्धापनदिनाची पत्रिका हातात आली की आपण दोनच गोष्टी बघतो, महाप्रसाद किती वाजता आणि कीर्तन कुणाचं. बाकीचा कागद विश्वस्तांच्या नावांनी भरलेला असतो. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, सल्लागार आणि मग शेवटच्या ओळीत, जागा उरली म्हणून, ‘भाविकांनी शिस्त पाळून सहकार्य करावे’. सहकार्य म्हणजे नेमकं काय करावं, हे तिथे लिहिलेलं नसतं. मग दुपारी दीड वाजता मांडवात जो गोंधळ होतो, त्याचं मूळ याच कागदात असतं. चांगली पत्रिका निमंत्रणापेक्षा हिशेबाच्या कागदाच्या जास्त जवळची असते.

हा हिशेब एका उदाहरणातून बघू. तालुक्याच्या गावातलं मध्यम आकाराचं गणपतीचं देऊळ आहे, प्राणप्रतिष्ठा ज्येष्ठ शुद्ध दशमीची, आणि महाप्रसादाला 2000 माणसं येतील असा अंदाज आहे.

पहिला प्रश्न तारखेचा. वर्धापनदिन तिथीने होतो, त्यामुळे इंग्रजी तारीख दर वर्षी सरकते. 2025 साली ही दशमी 5 जूनला होती. 2026 साली ज्येष्ठ अधिक आला. उत्सव निज महिन्यात करायची रीत, म्हणून तो थेट जूनच्या शेवटच्या आठवड्यात गेला. पंचांगात ही गोष्ट वीस दिवसांची दिसते, पण मांडववाल्यासाठी ऋतूच बदलतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात उन्हासाठी कापडी मांडव पुरतो, शेवटच्या आठवड्यात वर पत्रे लागतात, खाली चिखल होऊ नये म्हणून फळ्या किंवा मुरूम लागतो, आणि शेतकरी घरातली तरुण पोरं पेरणीत अडकलेली असतात. म्हणून पत्रिकेत तिथी आणि तारीख दोन्ही ठळक हव्यात, आणि अधिक मास असलेल्या वर्षी ‘निज’ हा शब्द विसरता कामा नये. नाहीतर परगावचे चार जण जुन्या अंदाजाने महिनाभर आधीच येऊन उभे राहतात.

वेळापत्रक आपण वरून खाली वाचतो, पण ते बांधावं लागतं खालून वर. दिवसभरात एकच वेळ खरी अडलेली असते, ती नैवेद्याची. बारा वाजता नैवेद्य, सव्वाबाराला आरती आणि साडेबाराला पहिली पंगत, असं एकदा ठरलं की त्याआधीचं सगळं त्यात बसवायचं. गणेशयागाची पूर्णाहुती साडेअकराला हवी, म्हणजे होम पावणेदहाच्या सुमाराला सुरू झाला पाहिजे. त्याच्याही आधी अथर्वशीर्षाचं सहस्रावर्तन. एका आवर्तनाला साधारण साडेतीन मिनिटं लागतात, कारण फलश्रुती शेवटच्या आवर्तनालाच म्हणतात. 21 गुरुजी बसले तर प्रत्येकाने 48 वेळा म्हटलं की 1008 होतात आणि पावणेतीन तासांहून थोडा जास्त वेळ जातो. पावणेसातला सुरुवात केली तर साडेनऊच्या पुढेमागे संपतं आणि होमाची वेळ गाठता येते. पण बजेट आखडलं आणि 11 गुरुजींवर भागवलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला 92 आवर्तनं येतात. मग सहस्रावर्तन संपेपर्यंतच बारा वाजून जातात आणि होम अजून व्हायचाच असतो. पत्रिकेत मात्र ‘दुपारी 12.30 महाप्रसाद’ छापलेलं असतं. कुणी आळस केलेला नसतो, कुणी भागाकार केलेला नसतो, एवढंच. अकराच गुरुजी मिळणार असतील तर सहस्रावर्तनाऐवजी 21 आवर्तनांचा अभिषेक ठरवावा, त्याने देवाचं काही अडत नाही.

रात्रीच्या बाजूलाही अशीच एक भिंत आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. वर्षातल्या ज्या मोजक्या दिवसांना मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, त्यांत आपल्या देवळाचा वर्धापनदिन आपोआप येत नाही. म्हणून पहाटे साडेपाचची काकड आरती कर्ण्याशिवाय करायची आणि कीर्तन साडेसातलाच उभं करायचं. नऊला सुरू झालेल्या कीर्तनात बुवा पूर्वरंग संपवून आख्यानात शिरतात आणि नेमका तेव्हाच आवाज बंद करावा लागतो. सत्काराचा कार्यक्रम कीर्तनाच्या आधी ठेवला की हे हमखास होतं. माझं मत विचाराल तर सत्कार पंगतीच्या वेळी मांडवातच उरकावेत, श्रोतेही आपोआप मिळतात.

आता स्वयंसेवक. ‘इच्छुकांनी नावे नोंदवावीत’ या ओळीला नावं येत नाहीत, आणि आलीच तर सगळ्यांना गाभाऱ्याजवळ उभं राहायचं असतं. किती माणसं, कुठे आणि किती वाजता हवी आहेत, हे लिहिलं तर लोक येतात. पंगतीचंच गणित घ्या. बसणं, वाढणं, जेवणं, उठणं आणि जागा पुसून पुन्हा पत्रावळी मांडणं, याला चाळीस मिनिटं धरावी लागतात. एका वेळी 200 माणसं बसली तर 2000 माणसांच्या दहा पंगती होतात, म्हणजे जवळजवळ पावणेसात तास. शेवटची पंगत सात वाजता उठेल आणि तोवर कीर्तनकार दारात उभे असतील. 400 जणांची जागा केली तर पाच पंगतींत, चारच्या आत, सगळं आटोपतं.

पण 400 जणांची पंगत म्हणजे पंचवीस-पंचवीसच्या सोळा ओळी. दोन ओळींमागे एका पदार्थाला एक वाढपी धरला तर प्रत्येक पदार्थाला आठ जण लागतात. भात, वरण, भाजी, बुंदी, मीठ-लोणचं आणि पाणी असे सहा फेरे धरले की 48 जण झाले. भाताची परात किंवा वरणाची बादली घेऊन वाकून दोन पंगती वाढल्या की चांगल्या गड्याची कंबर धरते, म्हणून दोन पाळ्या हव्यात. झाले 96. उष्टी काढणारे, चपलांपाशी बसणारे आणि गाड्या लावणारे यांत धरलेलेच नाहीत. म्हणजे ‘वाढण्यासाठी 96 जण, पहिली पाळी 12 ते 2, दुसरी 2 ते 4, वाढप्यांनी आपल्या पाळीच्या आधी किंवा नंतर जेवून घ्यावे’ अशी ओळ पत्रिकेत हवी. हातात दोनच तासांचं काम आहे हे कळलं की नोकरदारही हो म्हणतो. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात सेवेकऱ्यांना काम आणि पाळी दोन्ही ठरवून दिलेली असतात. तिथल्या शिस्तीचं कौतुक सगळे करतात, पण त्यामागची ही साधी विभागणी उचलायची मात्र राहून जाते.

चुलीपाशी मात्र इच्छुक नकोत, माहीतगार हवेत. फेब्रुवारी 2024 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात, सोमठाणा गावी, सप्ताहातला भगर-आमटीचा प्रसाद खाऊन दोनशेहून जास्त माणसं आजारी पडली. दवाखान्यात खाटा पुरेनात, तेव्हा लोकांना बाहेर जमिनीवर झोपवून झाडांना बांधलेल्या दोरांवर सलाइनच्या बाटल्या टांगल्या होत्या. मोठ्या स्वयंपाकात धोका बहुधा एकाच ठिकाणी असतो, शिजलेलं अन्न कोमट होऊन पडून राहण्यात. पहाटे चारला भात शिजवून चादरीवर पसरून ठेवला आणि दीडला वाढला, तर तो दिसायला मोकळा आणि वासाला चांगला असला तरी पोटाला बाधू शकतो. कारण भातातले काही जंतू शिजवल्यावरही टिकतात आणि कोमट भातात वाढतात. त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात पंगतीगणिक शिजवावा. माणशी 100 ग्रॅम तांदूळ धरला तर एका पंगतीला चाळीस किलो लागतो, आणि दोन मोठ्या पातेल्यांत तो एकामागोमाग होत राहतो. बुंदी आदल्या दिवशी केली तर चालते, पाकात असल्यामुळे ती टिकते. खव्याचं किंवा दुधाचं पक्वान्न जूनच्या दमट हवेत ठेवूच नये, देणगीदाराने कितीही आग्रह केला तरी. वर्धापनदिन एकादशीला आला आणि भगर करायची झाली, तर दळलेलं पीठ न घेता अख्खी भगर आणून निवडून घ्यावी, कारण दमट पिठाला बुरशी लवकर धरते.

राहिल्या भाविकांसाठीच्या सूचना. त्या बहुतेक ‘करू नये’ने संपतात आणि कारण सांगत नाहीत, म्हणून कुणी मनावर घेत नाही. सकाळी साडेनऊ ते साडेबारा या तीन तासांत 2000 जणांनी दर्शन घ्यायचं म्हटलं, तर एका माणसाच्या वाट्याला पाच-साडेपाच सेकंद येतात. नमस्कार करून पुढे सरकायला तेवढे पुरतात. पण हातातला हार पुजाऱ्याकडे देऊन, नारळ वाढवून घेऊन, पेढ्यांचा पुडा परत घेईपर्यंत पंधरा सेकंद जातात, आणि तीच रांग आठ तासांची होते. ‘हार, नारळ व प्रसाद गाभाऱ्याबाहेरील टेबलावर द्यावा’ ही सूचना म्हणजे कुणाच्या भक्तीवर घातलेला निर्बंध नाही. मागे कडेवर मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईची ती सोय आहे. अभिषेक उत्सवमूर्तीवर सभामंडपात करण्याचं एक कारणही हेच, तो चालू असताना गाभारा दर्शनाला मोकळा राहतो. शिवाय दूध-दह्याने आणि सारख्या घासण्याने मूळ मूर्तीची झीज होते ती थांबते.

पायऱ्यांवर नारळ फोडू नये, या ओळीमागे तर वाईजवळच्या मांढरदेवीची आठवण आहे. 25 जानेवारी 2005 रोजी काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी आणि आग यांत तीनशेच्या आसपास माणसं गेली. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, त्यावर माणसं घसरली आणि मागची गर्दी त्यांच्यावर आली. आपल्या देवळाला सातच पायऱ्या आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. नारळासाठी कडेला वेगळी जागा, तिथे एक माणूस आणि एक बादली वाळू ठेवावी. येण्याचं आणि जाण्याचं दार वेगळं असावं, आणि जाण्याच्या दारासमोर चपला काढू देऊ नयेत, कारण बाहेर पडणारी रांग अडते ती चपला शोधणाऱ्या माणसांपाशीच.

वयस्कर मंडळींना थेट प्रवेश किती वाजता, पाण्याचे पिंप कुठे, मोबाइलवर चित्रण कुठपर्यंत चालेल, सोवळ्यात नसलेल्यांनी कुठवर यावं, या एकेका ओळीच्या गोष्टी आहेत. त्या छापल्या की प्रवेशदारावरच्या स्वयंसेवकाला दिवसभर वाद घालावा लागत नाही. पत्रिकेच्या तळाशी अध्यक्षांच्या एका क्रमांकाऐवजी वाढप, रांग आणि वाहनतळ अशा कामांचे वेगवेगळे क्रमांक द्यावेत, कारण त्या दिवशी अध्यक्ष होमाला बसलेले असतात आणि त्यांचा फोन मुलाच्या खिशात असतो. आणखी एक ओळ बहुतेक पत्रिकांत नसते, ती दुसऱ्या दिवसाची. निर्माल्य वेगळं काढायला, भाड्याची भांडी मोजून परत करायला आणि मांडव धुवायला सकाळी आठ वाजता वीस माणसं लागतात. आदल्या रात्री आयत्या वेळी विचारलं तर चार येतात.