सगळ्यात मोठी चकती एकदाच हलते

१८८३ साली पॅरिसमध्ये एक खेळणं विकायला आलं. लाकडी पाटावर तीन खुंट्या, एका खुंटीवर आठ चकत्यांची उतरंड. मोठी चकती तळाला, लहान माथ्यावर. कर्त्याचं नाव होतं ‘सयामचे प्राध्यापक एन. क्लॉस’. असा कुणी प्राध्यापक नव्हताच. फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी आपल्याच नावाची अक्षरं उलटसुलट करून तो उभा केला होता. खेळाचं नाव ‘हनोईचा मनोरा’.

नियम दोनच. एका वेळी वरची एकच चकती उचलायची आणि मोठी चकती लहानीवर कधीही ठेवायची नाही. सगळा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यायचा. खेळत राहिलं की तो कधी ना कधी पोचतोच. खरा प्रश्न वेगळा आहे: कमीत कमी किती चालींत? आणि त्याहून कमी चालींत होणारच नाही, हे कशावरून?

खुंट्यांना अ, ब, क म्हणू. तीन चकत्या ‘अ’वर आहेत, त्या ‘क’वर न्यायच्या. लहान क-वर, मधली ब-वर, लहान तिच्यावर ब-वर. आता अ-वर फक्त मोठी उरली आणि क रिकामी आहे. मोठी तिकडे जाते. मग लहान अ-वर, मधली क-वर, लहान क-वर. सात चाली झाल्या.

बहुतेकांचं लक्ष लहान चकतीवर असतं, कारण सारखी तीच उचलावी लागते. उत्तराची किल्ली मात्र मोठीकडे आहे. मोठी कधी हलू शकते? तिच्या डोक्यावर काही नसेल आणि ती जिथे जाणार ती खुंटी पूर्ण मोकळी असेल तेव्हाच. म्हणजे त्या क्षणी बाकीच्या सगळ्या चकत्या उरलेल्या एकाच खुंटीवर रचलेल्या असल्या पाहिजेत. त्यातून सुटका नाही. मोठी पहिल्यांदा हलण्याआधी वरचा अख्खा मनोरा एकदा हलवावा लागतो, आणि ती शेवटची हलल्यावर तो पुन्हा एकदा तिच्यावर आणावा लागतो. मधे मोठीची किमान एक चाल. म्हणून एक चकती वाढली की आधीच्या चालींची दुप्पट आणि वर एक, याहून कमी चालींत काम होत नाही. आणि याच क्रमानं खेळलं तर तेवढ्यातच होतं. १, ३, ७, १५, ३१, ६३, १२७ आणि आठ चकत्यांना २५५. सूत्रात मांडायचं तर चकत्या n असतील तेव्हा चाली 2ⁿ − 1.

या २५५ चालींत सर्वांत मोठी चकती एकदाच हलते, बरोबर मधल्या १२८व्या चालीला. तिच्यावरची दोनदा, त्यावरची चारदा, असं करत सर्वांत लहान १२८ वेळा. एवढं कळलं की खेळताना काही लक्षात ठेवावं लागत नाही. एक चाल लहानीची, एक दुसऱ्या कुणाची तरी, असं आलटूनपालटून खेळायचं. लहान नेहमी एकाच दिशेनं फिरवायची. मधल्या चालीत लहानीला हात न लावता करता येईल अशी एकच चाल असते. दिशा तेवढी नीट ठरवावी लागते. चकत्यांची संख्या विषम असेल तर पहिली चाल थेट मुक्कामाच्या खुंटीवर, सम असेल तर मधल्या खुंटीवर.

इथेच पुष्कळ जण फसतात. तीन चकत्यांत पहिली लहान ब-वर ठेवली, तर तीन चालींनंतर मोठी सुटते खरी, पण रिकामी खुंटी ब असते आणि वरच्या दोघी क अडवून बसलेल्या असतात. चूक ओळखण्याची खूण हीच: मोठी मोकळी झाली, पण तिची जागा मोकळी नाही. तिथून वरच्या दोघींना ब-वर हलवून पुढे गेलं तर सातऐवजी दहा चाली लागतात.

या खेळाला काशीच्या मंदिराची एक कथाही जोडली गेली: ६४ सोन्याच्या चकत्या, त्या हलवणारे पुजारी, आणि काम संपताच जगाचा अंत. कथा रचलेली आहे, हिशेब मात्र खरा. सेकंदाला एक चाल धरली तरी सुमारे ५८,५०० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं आजचं वय १,३८० कोटी वर्षांच्या आसपास मानतात, तेव्हा काळजीचं कारण नाही.

आता चौथी खुंटी जोडून पाहा. आठ चकत्यांचं काम २५५ऐवजी ३३ चालींत होतं. पण वरचा युक्तिवाद इथे कोलमडतो, कारण मोठी हलताना बाकीच्या चकत्या एकाऐवजी दोन खुंट्यांवर विखुरलेल्या असू शकतात. चार खुंट्यांसाठीची सर्वोत्तम वाटणारी रीत १९४१ साली फ्रेम आणि स्ट्यूअर्ट यांनी मांडली. तिच्याहून कमी चालींत जमत नाही, हे फ्रेंच गणितज्ञ थिएरी बूश यांनी सिद्ध केलं ते २०१४ साली. पाच किंवा त्याहून जास्त खुंट्या आणि कितीही चकत्या, यासाठीची सर्वसाधारण सिद्धता अजून कुणाला सापडलेली नाही.