५०० डॉलर ठरले, मग ३६,६५२ रुपयेच का आले?

नागपूरच्या महाल भागात राहणारी एक चित्रकार परदेशी प्रकाशनासाठी लहान मुलांच्या पुस्तकाची चित्रं काढते. काम प्लॅटफॉर्मवरून मिळालं, मोबदला ठरला ५०० डॉलर. डॉलरचा भाव ८५ रुपये धरून तिने मनाशी ४२,५०० रुपयांचा हिशेब केला. खात्यात जमा झाले ३६,६५२. धरमपेठेत बसून त्या प्रकाशनाचं काम पाहणाऱ्या समन्वयकाला तिने विचारलं, ‘भाऊ, बाकीचे पैसे कुठे गेले?’ हे उदाहरण रचलेलं आहे आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत असे घेतले आहेत. पण नागपुरात घरी बसून परदेशी काम करणाऱ्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल.

अशा प्रश्नाला सहसा जाणारी चिठ्ठी अशी असते:

‘नमस्कार ताई. आमच्याकडून पूर्ण पेमेंट झालं आहे. प्लॅटफॉर्म फी आणि करन्सी कन्व्हर्जनमुळे रक्कम थोडी कमी आली असेल. त्यात आमच्या हातात काही नाही. धन्यवाद.’

यात खोटं असं काही नाही, तरी ही चिठ्ठी वाचणाऱ्याला जिथल्या तिथे ठेवते. ५,८४८ रुपयांना ‘थोडी’ म्हटलंय. फी आणि चलनबदल एकाच वाक्यात कोंबल्यामुळे कुणी किती घेतले ते कळत नाही. आणि ‘आमच्या हातात काही नाही’ म्हटल्यावर पुढच्या कामाचा दर बदलता येतो, ही कामाची गोष्टच झाकली जाते. चिठ्ठी नव्याने लिहायची तर आधी ते ५,८४८ रुपये उलगडावे लागतात.

पहिली कपात प्लॅटफॉर्मची. आपल्या उदाहरणात ती १० टक्के, म्हणजे ५० डॉलर. हा दर सगळीकडे सारखा नसतो. फायव्हर विक्रेत्याच्या कमाईतून २० टक्के घेतं. अपवर्कने मे २०२३पासून सरसकट १० टक्के ठेवले होते. मे २०२५पासून नव्या करारांना शून्य ते १५ टक्क्यांच्या दरम्यानचा दर लागतो आणि तो काम स्वीकारण्याआधी पडद्यावर दिसतो. म्हणून चिठ्ठीत ‘नेहमीची फी’ असं न लिहिता त्या कराराचाच दर लिहायचा.

दुसरी कपात त्या फीवरच्या जीएसटीची. तो पूर्ण ५०० डॉलरवर लागत नाही, प्लॅटफॉर्मने दिलेल्या सेवेवर, म्हणजे ५० डॉलरच्या फीवर लागतो. १८ टक्क्यांनी ९ डॉलर. जीएसटी नोंदणी असलेल्याने आपला क्रमांक प्लॅटफॉर्मवर भरला, तर साधारणतः ही वसुली तिथे होत नाही. त्या कराचा हिशेब त्याच्या विवरणपत्रात येतो. आमच्या चित्रकाराची नोंदणी नाही, त्यामुळे उरले ४४१. तिसरी कपात पैसे बँकेत वळवण्याची, इथे १ डॉलर. उरले ४४०.

इथपर्यंतचं सगळं पावतीवर दिसतं. चौथी कपात मात्र बहुतेकदा वेगळी ओळ म्हणून दिसत नाही, कारण ती दरातच मिसळलेली असते. बाजारात डॉलर ८५ला असताना प्लॅटफॉर्मने तो ८३ रुपये ३० पैशांनी बदलून दिला. डॉलरमागे १ रुपया ७० पैसे, ४४० डॉलरवर ७४८ रुपये. ती ओळखायची युक्ती सोपी आहे: खात्यात आलेले रुपये, बदललेल्या डॉलरनी भागायचे. ३६,६५२ भागिले ४४० म्हणजे ८३.३०. हा आकडा त्याच दिवसाच्या संदर्भ दराशी ताडून पाहायचा. हा दर २०१८पासून एफबीआयएल ही संस्था कामकाजाच्या दिवशी दुपारी जाहीर करते. संदर्भ दर सामान्य ग्राहकाला मिळत नाही, पण फरक मोजायला तो खांब पक्का आहे.

तारीख त्याच दिवसाची घ्यायची, कारण काम ठरण्यापासून पैसे काढेपर्यंत महिना जाऊ शकतो. तेवढ्यात डॉलर ८५वरून ८४वर आला, तर तो फरक कुणी खिशात घातलेला नसतो. चिठ्ठीत तो कपातीत मिसळला, की नसलेल्या माणसावर संशय जातो.

आता चिठ्ठी अशी होते:

‘नमस्कार ताई. ५०० डॉलरमागे तुमच्या खात्यात ३६,६५२ रुपये आले. ८५च्या दराने ४२,५०० व्हायला हवे होते, म्हणजे ५,८४८ कमी. त्यातले ४,२५० प्लॅटफॉर्मची १० टक्के फी, ७६५ त्या फीवरचा जीएसटी, ८५ पैसे वळवण्याचा आकार आणि ७४८ दरातला फरक (८५ऐवजी ८३.३०). यातलं काही आमच्याकडे आलेलं नाही. पहिल्या तिन्ही रकमा तुमच्या प्लॅटफॉर्म खात्यातल्या व्यवहारांच्या यादीत दिसतील. चौथी आम्ही भागाकार करून काढली आहे. ठरलेली रक्कम कपातीआधीची आहे, हे काम देताना आम्ही स्पष्ट सांगायला हवं होतं. पुढच्या पुस्तकाला हातात ४२,५०० हवे असतील तर ५८० डॉलरचा दर लावा. त्यावर बोलायला आम्ही तयार आहोत.’

हे ५८० कुठून आले? इथे अनेकांचा हिशेब चुकतो. कपात जवळपास १३.८ टक्के झाली, म्हणून ५००वर तेवढेच टक्के चढवले तर ५६९ डॉलर होतात. पण वाढवलेल्या रकमेवरही फी कापली जाते, त्यामुळे ५६९मधून हातात ४१,७०० रुपयांच्या आसपासच पडतात. बरोबर रीत उलटी आहे. हव्या त्या ४२,५०० रुपयांना ८३.३०ने भागा: ५१०.२० डॉलर. त्यात वळवण्याचा १ डॉलर मिळवा: ५११.२०. फी आणि तिच्यावरचा कर मिळून ११.८ टक्के जातात, म्हणजे उरतात ८८.२ टक्के, म्हणून ०.८८२ने भागा. उत्तर येतं ५७९.६०. पुरते ५८० मागायचे.

पैसे प्लॅटफॉर्मबाहेर थेट बँकेतून आले, तर कपातींची नावं बदलतात. पाठवणाऱ्याने खर्च वाटून घेण्याचा पर्याय निवडला तर मधली बँक आपला आकार रकमेतूनच काढून घेऊ शकते. डॉलर आपल्या बँकेत बदलले तर तिचा खरेदी दर लागतो आणि चलनबदलावर जीएसटी येतो. एक लाखापर्यंतच्या रकमेवर तो रकमेच्या १ टक्क्यावर १८ टक्के असतो, पण किमान ४५ रुपये. ४२,५०० रुपयांवर होतात ७६ रुपये ५० पैसे. एवढ्यावरून थेट बँक नेहमीच स्वस्त, असं मात्र धरू नये: मधल्या बँकेचा आकार रक्कम कितीही असो ठरावीक असू शकतो आणि लहान रकमेला तो जड जातो.

चिठ्ठीतला हा हिशेब जपून ठेवावा. प्राप्तिकराच्या वेळी हिशेबनिसाला ५०० डॉलरची पूर्ण कमाई आणि त्यातून गेलेली फी वेगवेगळी लागते. पासबुकातल्या ३६,६५२वरून त्याला ते समजत नाही. फीचं बिल प्लॅटफॉर्मवरून उतरवून घ्या. बँकेकडून परदेशातून आलेल्या रकमेची पावती मिळते, तीही मागा.

काम देणाऱ्यांनो, दर ठरवताना एकच वाक्य लिहा: ही रक्कम कपातीआधीची की हातात पडणारी? आणि काम घेणाऱ्यांनो, ते वाक्य दिसलं नाही तर काम सुरू करण्याआधी विचारा.